डायल जिथे चिकटला तिथेच मोजलं

अंधेरीच्या एमआयडीसीत आमचा गाळा आहे. गिऱ्हाईक सांगेल ती छोटी स्वयंचलित मशीन्स बनवतो. हे मशीन होतं एलईडीच्या पट्ट्यांवर गोंदाचे ठिपके टाकायचं. एक आडवा अक्ष, त्यावर सरकणारी अडीच किलोची कॅरेज, एका टोकाला मोटर, दुसऱ्या टोकाला नुसती फिरती पुली, दोन्ही पुल्यांत साधारण एक मीटर अंतर. ठिपका 0.1 मिमीच्या आत पडायला हवा होता.

कॅरेज ओढायला आधीच्या डिझायनरने 5 मिमी पिचचा, म्हणजे दर 5 मिमीला एक दात असलेला, गोल दातांचा एचटीडी बेल्ट लावला होता. का, तर मजबूत. मजबूत आहेच तो, पण त्याचा जन्म ताकद पोचवण्यासाठी झालाय. दात खाचेत सहज शिरावा म्हणून पुलीत थोडी मोकळी जागा ठेवलेली असते. एकाच दिशेने फिरताना ती कळत नाही. दिशा बदलली की मोटर आधी ती जागा भरते, मग कॅरेज हलते. कॅरेज किती सरकली ते काट्यावर दाखवणारा डायल लावला, डावीकडून आणि उजवीकडून त्याच जागी आलो, फरक 0.15 मिमी.

म्हणून 2 मिमी पिचचा जीटी बेल्ट आणला. याच्या दाताचा आकार असा की तो पुलीच्या खाचेत बाजूंनी नीट टेकून बसतो, ढिलाई फार कमी. लॅमिंग्टन रोडला थ्रीडी प्रिंटरवाल्यांकडे 6 मिमी रुंदीचा मागाल तेवढा मिळतो. लावला, डायल बघितला, फरक 0.04. मी चहा मागवला.

दोन दिवसांनी वसईहून गिऱ्हाईकाचा फोन. "साहेब, मोटरकडचे ठिपके एक नंबर. पलीकडचे दोन दशांश बाजूला पडतायत."

माझी चूक लाज वाटावी इतकी साधी होती. अक्षाची फ्रेम ॲल्युमिनियमची, तिला डायलच्या स्टँडचं चुंबक चिकटत नाही. लोखंडी प्लेट फक्त मोटरजवळ, म्हणून दोन्ही वेळा तिथेच मोजलं होतं.

वसईला सी-क्लॅम्पने एक लोखंडी पट्टी फ्रेमला आवळली आणि लांबच्या टोकाला डायल उभा केला. काटा 0.2 दाखवत होता. तेव्हा ट्यूब पेटली. ढिलाई असती तर दोन्ही टोकांना सारखीच दिसली असती. जागेप्रमाणे बदलतोय म्हणजे बेल्ट ताणला जातोय. मोटरपासून कॅरेजपर्यंतचा बेल्ट 100 मिमी असताना तो ताठ असतो, 900 मिमी झाला की लांब रबरबँडसारखा. मागून फिरून येणारी दुसरी बाजूही मदत करते. ते धरून हिशोब केला तर लांबच्या टोकाचा ताठपणा जवळच्याच्या जेमतेम पाचवा हिस्सा. 0.04 आणि 0.2, तंतोतंत जुळलं.

खात्रीसाठी मोटरला करंट ठेवून त्याच टोकाला कॅरेज स्प्रिंगच्या काट्याने 20 न्यूटनने ओढली. ती 0.7 मिमी सरकली, म्हणजे दर मिलिमीटरला सुमारे 28 न्यूटन. कॅरेज ज्यावर सरकते त्या गाईडच्या सीलचं घर्षण 3 न्यूटन. तेवढं घर्षण जाताना एका बाजूला ओढतं, येताना दुसऱ्या, म्हणून 6 भागिले 28. पुन्हा 0.2. बेल्टमध्ये ढिलाई नव्हतीच, तरी डायलवर अगदी ढिलाईसारखीच दिसत होती.

आमच्या फिटरकाकांनी तोवर बेल्ट आवळला होता. आपल्याकडे बेल्टच्या सगळ्या आजारांवर एकच औषध, टाईट कर. पण दोन्ही बाजू आधीच ताणलेल्या असताना आणखी आवळून ताठपणा वाढत नाही, वाढतो बेअरिंगवरचा भार. ताठपणा येतो रुंदीतून.

मग 2 मिमी पिच तसाच ठेवून 15 मिमी रुंदीचा बेल्ट घेतला. 3 मिमी पिचचा नागदेवी स्ट्रीटला लगेच मिळत होता, पण 20 दातांच्या पुलीवर तो एका फेऱ्यात 40 ऐवजी 60 मिमी चालतो, म्हणजे मोटरचं प्रत्येक पाऊल तेवढं मोठं. ठिपक्याच्या कामात ते नको होतं. रुंद बेल्टला ताणही त्या प्रमाणात जास्त द्यावा लागतो आणि पुल्या नीट एका रेषेत नसतील तर त्याच्या कडा पुलीच्या काठावरच्या फ्लँजवर घासतात. आमच्याही घासल्या. पहिल्या दिवशी पुलीखाली काळी भुकटी पडली होती. मोटरची प्लेट एका बाजूने पातळ शिम घालून सरळ केली तेव्हा थांबली.

लांबच्या टोकाला आता 0.08. पास, पण फार मोकळेपणाने नाही. कॅरेज थांबल्यावरची थरथरही पूर्ण गेली नाही, कारण ताठपणा अडीचपट झाला तरी थरथरण्याचा वेग दीडपटच वाढतो. गिऱ्हाईकाला ठिपका नेहमी डावीकडूनच येऊन टाकायचा प्रोग्रॅमही करून दिला. तो सुचवल्यावर फिटरकाका म्हणाले, "हे आधी केलं असतं तर एचटीडीही चालला असता की!"

अजून उत्तर दिलेलं नाही.