लाईट नाही

धुळ्यातल्या माझ्या ओपीडीत नवरा पुढे आणि बायको चार पावलं मागे असं जोडपं आत आलं, की तक्रार कोणाची आणि तपासणी कोणाची ते मला बसायच्या आधीच कळतं. शिंदखेड्याकडचा हा शेतकरी उभ्याउभ्याच म्हणाला, "मॅडम, हिले तपासा. हिले इच्छाच नही." ती खिडकीकडे बघत होती. मांडीवर दहा महिन्यांचं दुसरं लेकरू.

मी सुरुवातीलाच चूक केली. दोघांसमोर विचारलं, महिन्यातून किती वेळा? तो म्हणाला एकदा, ती म्हणाली रोजच. दोघंही खरं बोलत होते. तो झालेली वेळ मोजत होता, ती मागितलेली.

मग त्याला बाहेर बसवलं. एकटी असताना पहिला प्रश्न जबरदस्तीचाच विचारायचा, हे मी कधी सोडत नाही. "जबरदस्ती नाही," ती म्हणाली. "पण नाही म्हटलं की दोन दिवस अबोला. म्हणून हो म्हणते." थोडं थांबून म्हणाली, "दुखतं."

हे तिने आधी एका डॉक्टरांना सांगितलं होतं. त्यांनी "बाळंतपणानंतर होतंच, सहन करा" म्हणून लोहाच्या गोळ्या दिल्या. गोळ्या योग्यच होत्या, हिमोग्लोबिन 8.6 होतं. पण दुखणं तसंच राहिलं. अंगावर पाजणाऱ्या बाईचं दूध आणणारं हार्मोन, प्रोलॅक्टिन, चढलेलं आणि इस्ट्रोजेन हे हार्मोन उतरलेलं असतं. त्यामुळे योनीची त्वचा पातळ आणि कोरडी पडते. तशात अबोल्याच्या भीतीने 'हो' म्हटलं की दुखतं, आणि चार वेळा दुखलं की पाचव्या वेळी नवरा नुसता जवळ सरकला तरी अंग आखडतं. त्याला ही इच्छा नसणं म्हणायचं का? मी तरी म्हणत नाही.

शिवाय वेळ. रब्बीत शेतीची लाईट एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. हा गव्हाला पाणी भरून रात्री दोनला यायचा, गार हातांनी तिला उठवायचा. ती नुकतीच लेकराला पाजून झोपलेली, पाचला पुन्हा उठायचं. एरवीही ती त्याच्याजवळ बसणं टाळायला लागली होती, कारण खांद्यावर हात पडला की पुढचं ठरलेलंच.

मग तो एकटा. आवाज एकदम खाली आला. "माले वाटस, तिले मनी किळस येस."

दोघांना एकत्र बसवून मी सांगितलं, तीन आठवडे संबंध पूर्ण बंद. फक्त शेजारी बसायचं, हात धरायचा, पाठ चोळायची, आणि तिथेच थांबायचं. मास्टर्स आणि जॉन्सन या अमेरिकन संशोधक जोडीने 1970 मध्ये मांडलेल्या उपचाराचं हे दोन खोल्यांच्या घरापुरतं रूप. स्पर्श म्हणजे मागणी ही गाठ आधी सुटायला हवी. त्याचा चेहरा पडला. "मंग औषध काय?" हायवेवरच्या भिंतींवर 'ताकद'वाल्यांनी जे रंगवून ठेवलंय, त्याने आमचं अर्धं काम बिघडवलंय. कोरडेपणासाठी जेली लिहून दिली आणि बजावलं, निरोध वापरत असाल तर खोबरेल लावू नका, रबर फाटतं. थायरॉईडही तपासून घेतलं, ते ठीक निघालं.

यावर बोलायचं कधी? नकार मिळाल्यावर अंथरुणात तर मुळीच नाही. दिवसा, बांधावर, एकमेकांकडे न बघता बोललं तरी चालेल. आणि सुरुवात स्वतःपासून. त्याला माझ्यासमोरच बोलून बघायला लावलं. "माले वाईट वाटस, कारण तू..." मी हात वर केला. 'कारण तू' आलं की पुढे खटला सुरू होतो. तो बराच वेळ गप्प. मग म्हणाला, "रातले माले एकलं वाटस." पहिल्यांदा तिने खिडकीवरची नजर काढून त्याच्याकडे पाहिलं.

मग तिची पाळी. "मना तुमनावर राग नही. दुखस." तो माझ्याकडे वळून म्हणाला, "हे माले कोनी सांगंच नही." मला त्याचा राग आला. ती सांगणार कशी, तुझ्या अबोल्याला? पण ते मी बोलले नाही. मीच कोणाला दोषी ठरवून मोकळी झाले असते.

सहा आठवड्यांनी आले तेव्हा दुखणं बरंच कमी होतं. त्याला अजूनही तिच्यापेक्षा जास्त हवं असतं, आणि ते समान होईल असं मी त्यांना कधी सांगितलंही नव्हतं. पण दोघांनी एक खूण ठरवली होती. तिला नको असेल तर ती म्हणते, "आज लाईट नाही." तो कूस बदलतो, दुसऱ्या दिवशी अबोला नाही. सांगताना दोघं हसले.

मी विचारलं, आणि लाईट आली, हे कोण सांगतं?

तो तिच्याकडे बघायला लागला. तिने लेकराचं टोपडं सारखं केलं. "मी एकदाच म्हटलं," ती म्हणाली. "पण त्या दिवशी मला खरंच वाटलं होतं."