आमची वाटचाल: दोनदा तुटलेला पॉल आणि डेटाशीटमधली खालची ओळ

सुरुवातीची सहा-सात वर्षं आम्ही फक्त जॉबवर्क करायचो. पार्टी ड्रॉइंग द्यायची, मटेरियलचा ग्रेड ड्रॉइंगवरच लिहिलेला असायचा, आम्ही बार आणायचो, टर्निंग-मिलिंग करायचो आणि माप जुळलं की माल पाठवायचो. त्यामुळे धातू निवडायची वेळ आमच्यावर कधी आलीच नव्हती. पुढे आम्ही स्वतःची छोटी फीडिंग युनिट्स बनवायला लागलो, म्हणजे पट्टी ठराविक अंतराने पुढे ढकलणारी रॅचेटवाली यंत्रणा, आणि तेव्हा पहिल्यांदा ड्रॉइंगवरचा मटेरियलचा रकाना आम्हालाच भरायला लागला.

त्या रॅचेटमध्ये एक पॉल असतो, म्हणजे दातेरी चाकाच्या दातात अडकणारी खिटी. आमचा साधारण 120 मिमी लांब, 25 मिमी जाड, पुढे नाक, नाकाच्या मागे स्प्रिंग बसवायला एक खाच. मिनिटाला 40 वेळा तो दातावर आपटतो. पहिले पॉल आम्ही ईएन 8 या साध्या कार्बन स्टीलचे केले होते आणि ते कधी तुटले नाहीत, पण दोन महिन्यांत नाक झिजून गोल व्हायचं आणि फीड चुकायचा. ग्राहकाचं म्हणणं बरोबर होतं, झीज थांबवा.

आम्ही डेटाशीट काढली आणि वाचली, म्हणजे आम्हाला तेव्हा वाटलं की वाचली. ईएन 24 या अलॉय स्टीलच्या शीटवर वेगवेगळ्या कंडिशनच्या, म्हणजे हीट ट्रीटमेंटनंतरच्या अवस्थांच्या, ओळी होत्या. टी कंडिशनला टेन्साइल, म्हणजे ओढून तुटेपर्यंतची ताकद, 850 ते 1000 एमपीए आणि हार्डनेस 248 ते 302 बीएचएन, आणि सगळ्यात खाली झेड कंडिशनला टेन्साइल किमान 1550 एमपीए, हार्डनेस किमान 444 बीएचएन. आम्हाला झीज कमी हवी होती म्हणजे हार्डनेस जास्त हवा, आणि वर ताकदही दीडपट मिळतेय, मग विचार कसला करायचा. ड्रॉइंगवर लिहिलं ईएन 24, 45 ते 48 एचआरसी, एचआरसी हे हार्डनेसचंच दुसरं माप. हीट ट्रीटमेंटवाल्यांनी तेवढा हार्डनेस यावा म्हणून क्वेंचिंगनंतर, म्हणजे लाल तापवून एकदम थंड केल्यानंतर, साधारण 340 डिग्रीला परत तापवून टेम्परिंग केलं, आणि आकडा आला 47. रिपोर्ट अगदी व्यवस्थित.

नवव्या दिवशी फोन आला, पॉल तुटला. आम्हाला वाटलं एखादा पीस खराब असेल, बारमध्येच दोष असेल, म्हणून दुसरा पाठवला. तो तीन आठवडे चालला आणि त्याच जागी, खाचेच्या कोपऱ्यात तुटला.

या वेळी मी तुकडे मागवून घेतले. आमच्याकडे मिलिंगवर एक जुने काका आहेत, त्यांनी दोन्ही तुकडे हातात घेऊन एकमेकांवर ठेवले आणि म्हणाले, "हे बघा, कप फुटल्यासारखं जुळतंय, जरासुद्धा वाकलेलं नाही." खरंच, सांधा नखाला लागत नव्हता. तुटलेला भाग सगळा खडीसाखरेसारखा दाणेदार आणि चमकणारा होता. परत परत ताण येऊन हळूहळू फटीग होऊन तुटला असता तर एका कोपऱ्यापासून शिंपल्यावर असतात तशा गुळगुळीत रेषा पसरलेल्या दिसल्या असत्या, तशा काहीच नव्हत्या. याचा अर्थ एखाद्या जोरदार धक्क्यात तो एकदम फुटला होता, आणि जो धातू थोडासुद्धा न वाकता फुटतो त्याची टफनेस, म्हणजे धक्का सोसायची क्षमता, कमी असते.

मग त्याच शीटकडे परत वळलो. टेन्साइल आणि हार्डनेसच्या शेजारीच इम्पॅक्टचा रकाना होता. आयझॉड टेस्टमध्ये खाच पाडलेला तुकडा एका फटक्यात तोडायला किती ऊर्जा लागते ते मोजतात, ती टी कंडिशनला 54 ज्यूल, झेडला दहाच्या आसपास. इलाँगेशन, म्हणजे तुटेपर्यंत धातू किती लांबतो, टीला 13 टक्के, झेडला 5. म्हणजे ताकद दीडपट मिळवताना धक्का सोसायची क्षमता पाचपट कमी झाली होती, आणि हे सगळं छापलेलं होतं, आम्ही फक्त वरच्या दोन आकड्यांवर थांबलो होतो.

त्यानंतर मला जी गोष्ट समजली ती या धंद्यात माझ्या सगळ्यात जास्त उपयोगाची ठरली, म्हणून जरा सविस्तर सांगतो. स्टीलच्या बाबतीत टेन्साइल आणि हार्डनेस या जवळजवळ एकाच गोष्टीच्या दोन नोंदी आहेत. बीएचएनला साधारण 3.4 ने गुणलं की एमपीएमधली टेन्साइल मिळते. 290 ला गुणा, 986 येतं, म्हणजे टी कंडिशनच्या पट्ट्यात. 444 ला गुणा, 1510 येतं, म्हणजे झेडच्या जवळपास. त्यामुळे "हार्डनेसपण चांगला आणि टेन्साइलपण चांगली" असं म्हटलं तर आपण एकच चांगली गोष्ट दोनदा मोजतोय. टफनेस मात्र या दोघांवरून काढता येत नाही, ती स्वतंत्र टेस्ट करूनच कळते.

ईएन 24 मध्ये तर हे फारच ठळक दिसतं. क्वेंच केलेला हा स्टील जसजसा जास्त तापमानाला टेम्पर करू तसतसा हार्डनेस एकसारखा उतरत जातो, आणि आपल्याला वाटतं की टफनेस तशीच एकसारखी चढत असणार. पण साधारण 250 ते 400 डिग्रीच्या दरम्यान कार्बाइड अशा पद्धतीने बाहेर पडतात की टफनेस चढायच्या ऐवजी खाली बसते, आणि आमचे पॉल बरोबर त्या खड्ड्यात, 340 ला टेम्पर झालेले. हार्डनेसच्या रिपोर्टमध्ये याची काही खूण दिसत नाही, 47 म्हणजे 47. हीट ट्रीटमेंटवाल्यांचा दोष नाही, आम्ही आकडा मागितला आणि त्यांनी तोच दिला.

मला अजून एक कोडं होतं. हिशोबाने पॉलवर जास्तीत जास्त 180 एमपीए ताण येत होता, मटेरियल 1500 च्या वरचं, म्हणजे आठपट मार्जिन, मग तुटला का? कारण तो हिशोब सपाट आणि सावकाश ओढलेल्या तुकड्याचा आहे. खाचेच्या कोपऱ्यात आमचा रेडियस जेमतेम 0.5 मिमी होता आणि तिथे ताण कित्येक पटीने गोळा होतो, वर आपटण्याचा झटका. टफ धातू अशा कोपऱ्यात कणभर दबतो, ताण बाजूला वाटून देतो आणि काम चालू राहतं. कमी टफनेसचा धातू दबत नाही, त्याला तिथे बारीक क्रॅक पडतो आणि तो क्रॅक लगेच आरपार जातो.

हे नुसतं मनाचं समाधान नको म्हणून आम्ही टेस्ट केली. त्याच बारमधून चार्पी या दुसऱ्या इम्पॅक्ट टेस्टच्या पट्ट्या काढल्या, 10 बाय 10 बाय 55 मिमी, मधे 2 मिमी खोल व्ही खाच, तीन पट्ट्या 340 ला टेम्पर केल्या आणि तीन 630 ला, आणि लॅबला पाठवल्या. पहिल्या तिघींनी 13, 15, 14 ज्यूल दिले. दुसऱ्या तिघींनी 68, 74, 71. धातू तोच, बार तोच. तुटलेल्या पट्ट्या टेबलावर ठेवल्यावर फरक वाचायचीसुद्धा गरज नव्हती, 340 वाल्या खटकन दोन तुकडे झालेल्या आणि चकचकीत, 630 वाल्यांच्या कडा बाहेर ओढल्यासारख्या पसरलेल्या आणि रंग मळकट राखाडी.

पण 630 ला टेम्पर केलं की हार्डनेस 290 बीएचएनवर येतो आणि झिजेचा प्रश्न परत उभा राहतो. इथे आम्ही थोडे अडकलो, मग लक्षात आलं की हार्डनेस फक्त नाकाला हवा आहे आणि टफनेस फक्त खाचेजवळच्या मानेला हवी आहे, दोन्ही एकाच जागी मागायची गरजच नाही. म्हणून आख्खा पॉल 290 बीएचएनवर ठेवला आणि नाकाचं टोक तेवढं इंडक्शन हार्डनिंग करून 52 एचआरसीपर्यंत नेलं, खोली साधारण 2 मिमी, त्यावर लगेच 180 डिग्रीला हलकं टेम्परिंग. एक काळजी घेतली, कडक झालेला भाग जिथे संपतो ती हद्द खाचेपासून 15 मिमी लांब ठेवली, कारण त्या हद्दीवर धातू आतून ओढलेल्या अवस्थेत असतो आणि ती रेष खाचेत आली तर आपण स्वतःच क्रॅकला जागा करून देतो. खाचेचा रेडियस 0.5 वरून 3 मिमी केला, स्प्रिंगची जागा त्यासाठी जरा सरकवावी लागली. हे पॉल आता दीड वर्ष चालतात, नाक झिजल्यावरच बदलतात, मान तुटल्याचा एकही फोन त्यानंतर आलेला नाही.

तेव्हापासून नवीन पार्टचं मटेरियल ठरवताना आम्ही शीट खालून वर वाचतो. आधी बघतो पार्टवर धक्का येतो का, कोपरा किंवा खाच आहे का, थंडीत चालणार आहे का. यातलं काही असेल तर पहिला आकडा इम्पॅक्टचा, मग बाकीचे. आणि आकडा वाचायच्या आधी तो कुठल्या कंडिशनचा आणि किती जाडीपर्यंतचा आहे ते वाचतो, कारण ईएन 24 ची ती झेडची ओळ फक्त 29 मिमीपर्यंतच्या सेक्शनसाठी आहे, 100 मिमीच्या शाफ्टला ती लावली तर आतला गाभा तेवढा कडक होतच नाही. आयझॉडचा आकडा चार्पीच्या आकड्याशी, किंवा व्ही खाचेचा यू खाचेच्या आकड्याशी शेजारी ठेवून तुलना करत नाही, टेस्टच वेगळ्या आहेत. आणि चार्पीचे ज्यूल घेऊन कोणी जाडीचा हिशोब करायला लागला तर त्याला थांबवतो, तो आकडा दोन मटेरियलमध्ये किंवा दोन ट्रीटमेंटमध्ये तुलना करायला आहे, डिझाइनच्या फॉर्म्युल्यात टाकायला नाही.

डेटाशीटवर "टिपिकल" लिहिलंय की "मिनिमम" हेही आता बोट ठेवून बघतो. टिपिकल म्हणजे बहुतेक वेळा येणारा आकडा, आपल्या हातातल्या बारची ती हमी नाही. हमी हवी तर त्या हीटचं, म्हणजे एका वेळी वितळवलेल्या त्या स्टीलचं, टेस्ट सर्टिफिकेट बघायला लागतं, आणि तिथेही नोंद बघायची, बार ॲनील्ड, म्हणजे मऊ केलेला, आला असेल आणि सर्टिफिकेटवरचे आकडे ट्रीटमेंट केलेल्या छोट्या तुकड्याचे असतील तर आपल्या पार्टला ते आपली स्वतःची ट्रीटमेंट झाल्यावरच लागू होणार. म्हणून महत्त्वाच्या लॉटबरोबर आम्ही त्याच बारची एक पट्टी भट्टीत टाकतो. काकांनी त्यासाठी एक डबाच ठेवलाय, प्रत्येक पट्टीवर जॉब नंबर पंच केलेला.

सध्या एका कोल्ड स्टोरेजच्या कन्व्हेयरचे हुक करतोय, उणे 20 डिग्रीत चालणार आहेत. सप्लायरच्या शीटवर इम्पॅक्ट 60 ज्यूल लिहिलंय, पण टेस्ट कुठल्या तापमानाला घेतली ते नाही, आणि तुकडा रोलिंगच्या दिशेने कापला होता की आडवा तेही नाही. साधा स्टील 20 डिग्रीला 60 ज्यूल देऊन उणे 20 ला त्याच्या निम्म्यावरही येऊ शकतो. दोन्ही प्रश्न विचारून परवा मेल केलाय, उत्तर आल्याशिवाय बार कापायला घेणार नाही.