पॅडिंग ऑरॅकल वही: अडकलेला पंधरावा बाईट

शनिवार

पॅडिंग ऑरॅकल हल्ला स्वतःच्याच सर्व्हरवर करून पाहायचा आहे. सर्व्हर उभा राहिला. फ्लास्कमध्ये चाळीसेक ओळी, माझ्याच लॅपटॉपवर. कुकीत `role=guest;id=42` हा मजकूर 16 बाईटच्या ब्लॉकांत चालणाऱ्या एईएस-सीबीसीने कुलूपबंद करून ठेवते. हा मजकूर मोजून 16 बाईटचा निवडला. ब्लॉक पूर्ण भरला की पीकेसीएस 7 च्या नियमाने पॅडिंगचा, म्हणजे शेवटी भरायच्या बाईटांचा, आणखी एक अख्खा ब्लॉक लागतो, म्हणजे 16 वेळा `0x10`. हा ब्लॉक पुढे मला फार छळणार होता, ते तेव्हा माहीत नव्हतं.

सर्व्हर कुकी उलगडतो. पॅडिंग चुकलं तर 400 आणि "पॅडिंग चुकीचं". पॅडिंग जुळलं पण मजकूर निरर्थक निघाला तर 403. एवढाच फरक आहे, असा फरक दाखवणारा सर्व्हर म्हणजे पॅडिंग ऑरॅकल, आणि हल्ल्याला तेवढा पुरतो. सर्ज व्होदने यांनी 2002 साली हेच दाखवलं होतं: किल्लीला हात न लावता, "पॅडिंग बरोबर का?" या एकाच प्रश्नाच्या हो-नाही उत्तरांवर मजकूर वाचता येतो.

कारण सीबीसीच्या रचनेत आहे. ब्लॉक उलगडल्यावर जे मधलं मूल्य निघतं, ते आधीच्या सिफर-ब्लॉकशी, म्हणजे कुलूपबंद ब्लॉकशी, एक्सॉर झालं की मूळ मजकूर मिळतो. पहिल्या ब्लॉकच्या आधी आयव्ही, म्हणजे सुरुवातीचा यादृच्छिक ब्लॉक, असतो. तो आधीचा ब्लॉक हल्लेखोराच्या हातात असतो, आणि त्यात एक बाईट बदलला की उलगडलेल्या मजकुरातला नेमका तोच बाईट बदलतो.

रविवार

पहिला बाईट फुटला! म्हणजे ब्लॉकचा शेवटचा, कारण काम मागून पुढे चालतं.

आकडे लिहून ठेवते. माझ्या आयव्हीचा शेवटचा बाईट `0x5e` होता. मी त्या जागी 0 पासून एकेक मूल्य घालून पाठवत गेले आणि `0x6d` ला 400 ऐवजी 403 आला. याचा अर्थ उलगडलेला शेवटचा बाईट `0x01` झाला, जे एका बाईटचं वैध पॅडिंग आहे. म्हणजे मधलं मूल्य `0x6d ^ 0x01`, अर्थात `0x6c`. ते खऱ्या आयव्हीशी एक्सॉर केलं: `0x6c ^ 0x5e = 0x32`. आस्कीत हा '2'. आपल्या 42 मधला दोन, किल्लीशिवाय.

पंधराव्या बाईटसाठी शेवटी `0x02 0x02` हवं. सोळाव्याचं मधलं मूल्य आता हातात आहे, म्हणून तिथे `0x6c ^ 0x02 = 0x6e` कायम ठेवायचं आणि पंधरावा फिरवायचा. असंच पुढे. एका बाईटला जास्तीत जास्त 256 विनंत्या, सरासरी 128 च्या आसपास. म्हणजे ब्लॉकला साधारण 2,000. जेवायला बसायच्या आत पहिला ब्लॉक पूर्ण वाचला गेला.

मंगळवार, रात्री उशिरा

दुसऱ्या ब्लॉकवर स्क्रिप्ट अडकली. शेवटचा बाईट `0x01` आहे असं तिने छातीठोक सांगितलं आणि पंधराव्यासाठी 256 च्या 256 मूल्यं नाकारली गेली. आधी संशय सर्व्हरवर घेतला. पाऊण तास तिथेच गेला.

चूक माझ्या गृहीतकात होती. दुसऱ्या ब्लॉकसाठी आधीचा ब्लॉक म्हणून मी पहिला सिफर-ब्लॉक जसाच्या तसा घेत होते आणि फक्त शेवटचा बाईट फिरवत होते. तो बाईट मुळात `0x23` होता. फिरवता फिरवता `0x23` आला, म्हणजे ब्लॉक जसाच्या तसा झाला, आणि सर्व्हरला 16 वेळा `0x10` हे खरं पॅडिंग दिसलं. त्याने बरोबर म्हटलं, त्यात त्याची चूक नाही. मला हवं होतं ते `0x01` देणारं मूल्य `0x32`, ते पुढे होतं.

स्क्रिप्टने त्यावरून मधलं मूल्य `0x22` धरलं. खरं होतं `0x33`. मग पुढच्या फेरीत शेवटी `0x20` ठेवलं, तेव्हा उलगडून आलं `0x33 ^ 0x20 = 0x13`, म्हणजे 19. 16 बाईटच्या ब्लॉकमध्ये 19 लांबीचं पॅडिंग बसेल कसं? म्हणून सगळ्याच विनंत्या फेटाळल्या. सगळी 256 मूल्यं नापास होणं ही खूण लक्षात ठेवा: बिघाड त्या बाईटचा नसून आधीच्या बाईटच्या उत्तराचा असतो.

इलाज सोपा आहे. होकार मिळाला की पंधरावा बाईट थोडा बदलून पुन्हा विचारायचं. पॅडिंग खरंच `0x01` असेल तर पंधराव्याशी त्याचा संबंध नाही, होकार टिकतो. लांब पॅडिंग असेल तर ते मोडतं.

```python
for g in range(256):
    fake[15] = g
    if oracle(bytes(fake) + block):
        fake[14] ^= 1
        ok = oracle(bytes(fake) + block)
        fake[14] ^= 1
        if ok:
            break
```

शुक्रवार

आता बाजू बदलली. दोन्ही चुकांना एकच 403 आणि एकच मजकूर दिला. जुनी स्क्रिप्ट आंधळी झाली, पण पाच मिनिटांत वेगळा रस्ता दिसला. पॅडिंग चुकलं की माझा कोड लगेच परततो. पॅडिंग जुळून मजकूर निरर्थक निघाला तर आधी एसक्यूलाइटमध्ये नोंद करतो, आणि डिस्कवर लिहायला वेळ लागतो. प्रत्येक मूल्य 15 वेळा विचारून मध्यक वेळ घेतली, तर होकाराचा बाईट ठळक वेगळा दिसला. एकाच यंत्रावर हे सोपं जातं. नेटवर्कवर गोंगाट वाढतो आणि विनंत्याही वाढवाव्या लागतात. पण 2003 मध्ये व्होदने आणि सहकाऱ्यांनी टीएलएसमध्ये दडवलेल्या चुकांवर वेळ मोजूनच आयमॅपचा पासवर्ड काढून दाखवला होता.

2010 च्या एएसपी डॉट नेटच्या प्रकरणातही हे दिसतं. ज्युलियानो रिझो आणि थाई ड्युओंग यांनी हल्ला दाखवल्यावर मायक्रोसॉफ्टने तात्पुरता उपाय सांगितला: सगळ्या चुकांना एकच पान, वर थोडा यादृच्छिक विलंब. खरी दुरुस्ती सप्टेंबरअखेर पॅचने आली आणि तिने कूटमजकुरावर सही तपासायला लावली. माझ्या मते चुकांचे संदेश एकसारखे करत बसण्यात वेळ घालवूच नये. कोडमध्ये उद्या कोणी एक ओळ वाढवेल आणि फरक परत येईल.

पुढचा शनिवार

एचमॅक, म्हणजे गुप्त किल्लीने काढलेली सही, जोडला: आधी कुलूप, मग सही, उलगडण्यापूर्वी सही तपासायची, तीही `hmac.compare_digest` ने. ऑरॅकल बंद झालं. सही जुळली नाही तर पॅडिंगपर्यंत कोड पोचतच नाही.

तरीही घात झालाच. मी सही फक्त सिफर-ब्लॉकांवर घेतली होती, आयव्ही बाहेर राहिला. आयव्ही बदलला की पहिल्या ब्लॉकचा मजकूर बदलतो आणि सही मात्र जुळते. `guest` आणि `admin` दोन्ही पाच अक्षरांचे. आयव्हीच्या सहाव्या ते दहाव्या बाईटला `06 11 08 1a 1a` ने एक्सॉर केलं आणि सर्व्हरने मला `role=admin;id=42` म्हणून आत घेतलं. इथे पॅडिंगला हातही लावावा लागला नाही. आणि कुकीचा मजकूर एकाच ब्लॉकचा असता, तर याच वाटेने ऑरॅकलही परत उघडलं असतं, कारण तेव्हा पॅडिंगही आयव्हीच्याच कक्षेत येतं.

आता सही आयव्ही आणि सिफर दोन्हींवर आहे. दोन्ही स्क्रिप्ट पुन्हा चालवल्या, एकही होकार नाही. उद्या हाच सर्व्हर एईएस-जीसीएमवर नेते. तिथे पॅडिंगच नसतं आणि सही त्यातच येते, पण एकाच किल्लीखाली नॉन्स, म्हणजे दर वेळी नवा लागणारा आकडा, दोनदा वापरला तर सगळं कोसळतं. ते मुद्दाम करून पाहायचं आहे.