दुसऱ्या मीटरचे पल्स खाणारं |=

ज्या कोडपायी माझे साडेतीन दिवस गेले, तो आधी दाखवतो.

```c
if (EXTI->PR & (1u << 6)) {
    EXTI->PR |= (1u << 6);
    pulse1++;
}
if (EXTI->PR & (1u << 8)) {
    EXTI->PR |= (1u << 8);
    pulse2++;
}
```

चिप STM32F407, तिला पाण्याचे दोन फ्लो मीटर जोडलेले. एक लाइन 6 वर, दुसरा लाइन 8 वर. लाइन 5 ते 9 मिळून एकच हँडलर असतो, `EXTI9_5_IRQHandler`, आणि वरचा कोड त्यातलाच. पल्स आला की `EXTI->PR` या रजिस्टरमध्ये त्या लाइनचा बिट, म्हणजे फ्लॅग, उभा राहतो. बोर्ड, पिनची जुळवणी, इंटरप्ट चालू करणं, हे सगळं एका दुपारी उरकलं होतं. अडकलो ते पुढे.

एकेक मीटर चालवला की आकडे बरोबर यायचे. दोन्ही एकदम चालू केले की दुसरा मागे पडायचा, दर हजार पल्समागे पाच-दहा. पहिल्याचा मात्र एकही जात नव्हता. मी मीटरची अदलाबदल केली, तरी मागे पडायची ती लाइन 8 च. मग वायर बदलली, पुल-अप बदलला. हे सगळं हार्डवेअरच्या माथी मारण्यात पहिले दोन दिवस गेले, आणि त्याची हळहळ अजून वाटते, कारण अदलाबदलीनंतरही चूक त्याच लाइनवर राहिली तेव्हाच मीटर निर्दोष ठरला होता.

तिसऱ्या दिवशी वाटलं, मध्येच दुसरा इंटरप्ट घुसत असणार. म्हणून `|=` च्या ओळीच्या आधी `__disable_irq()` आणि नंतर `__enable_irq()` टाकलं. काही फरक नाही. पडणारच नव्हता: इंटरप्ट बंद केल्याने प्रोसेसर हँडलरकडे वळायचा थांबतो, पण पिनवर कड आली की फ्लॅग हार्डवेअर उभा करतंच. शेजारच्या सहकाऱ्याने बिट-बँडिंग सुचवलं, त्यात एकाच बिटावर लिहिल्यासारखं दिसतं म्हणून. तेही इथे उपयोगाचं नाही. आतून बस पूर्ण शब्द वाचते, बिट बदलते आणि पूर्ण शब्द परत लिहिते. मध्ये कुणी घुसत नाही हे खरं, पण परत काय लिहिलं जातं हा प्रश्न तसाच राहतो.

सुटका झाली ती एका साध्या जोडणीने. मीटर काढून दोन्ही पिनांना एकाच सिग्नल जनरेटरचा पल्स दिला. हजार पल्सनंतर पहिला आकडा 1000, दुसरा 0. अधूनमधून होणारी चूक आता प्रत्येक पल्सला होत होती. हे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं. दोन लाइनपैकी एकीचेच पल्स जात असतील तर तुम्ही आधी हेच करा.

मग पहिल्या `|=` वर ब्रेकपॉइंट लावला. `EXTI->PR` मध्ये 0x140, म्हणजे बिट 6 आणि बिट 8 दोन्ही उभे. ती एक ओळ पुढे सरकवली, 0x000. दुसरी अट तपासायच्या आधीच बिट 8 गेलेला.

संदर्भ पुस्तिकेत या बिटांखाली `rc_w1` असं लिहिलेलं असतं: वाचता येतो, 1 लिहिला की पुसला जातो, 0 लिहिला तर काहीच होत नाही. `|=` आधी रजिस्टर वाचतं. हातात 0x140 येतं, त्याच्याशी 0x40 चं OR केलं तरी 0x140 च राहतं, आणि तेच परत लिहिलं जातं. बिट 8 मधला 1 आपण लिहायला सांगितलेला नसतो, पण वाचताना तो सोबत येतो, आणि हार्डवेअरच्या लेखी 1 म्हणजे "पूस". साध्या रजिस्टरमध्ये बाकीचे बिट जपायला जी पद्धत वापरतात, तीच इथे बाकीचे बिट पुसते.

दुरुस्तीत एकच चिन्ह गेलं:

```c
EXTI->PR = (1u << 6);
```

बाकी सगळे शून्य, म्हणून बाकीच्यांना धक्का नाही. एकाच पल्सची चाचणी पुन्हा केली, 1000 आणि 1000. त्या संध्याकाळी मी ती आणखी चार वेळा चालवून पाहिली, निव्वळ समाधानासाठी.

पहिला मीटर का सुटत होता, हे मागाहून उमजलं. त्याची तपासणी आधी होते, म्हणून तो मोजला जाऊन मगच दुसऱ्याचा फ्लॅग पुसला जायचा. आमच्या डिस्प्लेचा कोड थोडा वेळ इंटरप्ट अडवून ठेवतो. तेवढ्यात दोन्ही पल्स आले की दोन्ही फ्लॅग एकदम उभे, आणि फटका दुसऱ्याला. दोन `if` ची जागा बदलली असती तर तूट पहिल्या मीटरकडे गेली असती.

ही दुरुस्ती डोळे मिटून सगळीकडे लावू नका. याच चिपच्या टायमरचे `SR` मधले फ्लॅग `rc_w0` आहेत, ते 0 लिहून पुसतात. तिथे `TIM2->SR = ~TIM_SR_UIF;` असं लिहायचं. `&=` तिथे बहुतेक वेळा चालून जातं, पण वाचणं आणि लिहिणं यांच्यामध्ये नवा फ्लॅग उभा राहिला तर तो गेलाच. म्हणून दर रजिस्टरसाठी पुस्तिकेतली बिटाखालची ती बारीक अक्षरं पाहा.

दुसऱ्या दिवशी सगळ्या प्रोजेक्टमध्ये `grep -rn 'PR *|=' src` चालवलं. आणखी तीन जागा सापडल्या. त्यातली एक आपत्कालीन बटणाच्या हँडलरमध्ये होती.