व्हॉर्टिसिटी शून्य, सर्क्युलेशन मात्र शून्य नाही : एका गणिताचा माझा अनुभव

डिप्लोमा पूर्ण करून मी मेकॅनिकलच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेतला, तेव्हा फ्लुइड मेकॅनिक्सच्या असाइनमेंटमधले एक गणित मला आठवडाभर पुरले. गणित दिसायला अगदी लहान होते. वेगाचे क्षेत्र दिले होते, आणि त्यावर तीन गोष्टी विचारल्या होत्या : व्हॉर्टिसिटी काढा, उगमबिंदूभोवतीच्या वर्तुळावरचे सर्क्युलेशन, म्हणजे वाटेच्या दिशेने असलेल्या वेगाचे त्या पूर्ण वाटेवरचे संकलन, काढा, आणि प्रवाह अघूर्णी, म्हणजे शून्य व्हॉर्टिसिटीचा, आहे का ते सांगा. क्षेत्र असे होते :

`u = -ky/(x² + y²)`, `v = kx/(x² + y²)`

`k` ची किंमत ०.०२ चौरस मीटर प्रतिसेकंद दिली होती, म्हणजे केंद्रापासून १० सेंमीवर पाण्याचा वेग सेकंदाला २० सेंमी आणि २० सेंमीवर १० सेंमी. पाणी वर्तुळात फिरते आणि केंद्राजवळ जावे तसा त्याचा वेग वाढतो, हे चित्र माझ्या डोळ्यांसमोर लगेच उभे राहिले. त्या चित्रावरून मी मनाशी उत्तरही ठरवून टाकले, की पाणी गोल फिरते आहे, तेव्हा प्रवाह घूर्णी असणारच.

मग व्हॉर्टिसिटी काढायला बसलो. द्विमितीय प्रवाहात तिचा एकच घटक उरतो, `ω = ∂v/∂x - ∂u/∂y`. भागाकाराचा नियम लावून पहिले पद `k(y² - x²)/(x² + y²)²` आले. दुसरे पदही हुबेहूब तेच आले. वजाबाकी शून्य. मी ती तीनदा तपासली, कारण उत्तर माझ्या चित्राशी जुळत नव्हते.

हा पहिला अडथळा पार करायला मला आदल्या आठवड्यात वर्गात सोडवलेल्या गणिताची मदत झाली. त्यात `u = Sy`, `v = 0` असा प्रवाह होता, म्हणजे पाण्याचे थर सरळ रेषेत एकमेकांवरून सरकतात आणि वरचा थर खालच्यापेक्षा वेगाने जातो. तिथे एकही प्रवाहरेषा वळत नाही, तरी व्हॉर्टिसिटी `-S` येते. `S` ला सेकंदाला ५ ही किंमत देऊन मी १० सेंमी बाजूच्या चौरसावरचे सर्क्युलेशन हाताने मोजले. तळाच्या बाजूवर वेग शून्य, उभ्या बाजूंवर प्रवाह बाजूला काटकोनात असल्यामुळे तिथेही शून्य, आणि वरच्या बाजूवर आपण उजवीकडून डावीकडे जात असताना पाणी सेकंदाला अर्धा मीटर वेगाने उलट दिशेने येते, म्हणून उणे ०.०५. व्हॉर्टिसिटी गुणिले क्षेत्रफळ, म्हणजे उणे ५ गुणिले ०.०१, हेही उणे ०.०५ च. प्रवाहरेषा गोल आहेत की सरळ, याचा व्हॉर्टिसिटीशी काही संबंध नाही, हे तिथे पक्के झाले. पाण्याचा कण कोणत्या वाटेने जातो हा एक प्रश्न, आणि त्या वाटेने जाताना तो स्वतःभोवती वळतो का हा दुसरा. व्हॉर्टिसिटी या दुसऱ्याच प्रश्नाचे उत्तर देते, आणि तेही वळण्याच्या सरासरी कोनीय वेगाच्या दुपटीने.

आपल्या गणितातल्या पाण्यात दोन काड्यांचे एक लहानसे अधिक चिन्ह तरंगते आहे अशी कल्पना केली, की हे फार स्पष्ट दिसते. केंद्रापासून १० सेंमीवर, प्रवाहाच्या दिशेने असलेली काडी वर्तुळाबरोबर वळते, तिचा कोनीय वेग `k/r²`, म्हणजे सेकंदाला २ रेडियन. केंद्राकडे रोखलेल्या काडीचे आतले टोक वेगाने पुढे जाते आणि बाहेरचे मागे पडते, त्यामुळे ती बरोबर तेवढ्याच वेगाने उलट वळते. दोन्ही काड्या एकमेकींना जोडलेल्या असल्यामुळे सरासरी शून्य होते, आणि ते चिन्ह केंद्राभोवती फेरी मारते, पण त्याचे तोंड एकाच भिंतीकडे राहते.

इथवर मी समाधानी होतो. दुसऱ्या भागाने ते समाधान मोडले. `r` त्रिज्येच्या वर्तुळावर वेग सगळीकडे `k/r`, परीघ `2πr`, म्हणून सर्क्युलेशन `2πk`, म्हणजे ०.१२५७ चौरस मीटर प्रतिसेकंद. स्टोक्सच्या प्रमेयानुसार बंद वाटेवरचे सर्क्युलेशन म्हणजे आतल्या क्षेत्रफळावर व्हॉर्टिसिटीची केलेली बेरीज. व्हॉर्टिसिटी सगळीकडे शून्य असेल तर बेरीजही शून्य यायला हवी, आणि इथे ती येत नव्हती. हे प्रमेय केल्व्हिनने १८५० साली स्टोक्सला लिहिलेल्या पत्रात मांडले होते आणि स्टोक्सने १८५४ मध्ये केंब्रिजच्या स्मिथ्स प्राइझ परीक्षेत ते प्रश्न म्हणून घातले होते, हे मला नंतर समजले, आणि हा निष्कर्ष एके काळी परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत सिद्ध करायचा होता याचे मला आजही अप्रूप वाटते.

वर्तुळामुळे काही गफलत होत असेल असे वाटून मी वाट बदलली आणि उगमबिंदू मधोमध ठेवून `2a` बाजूचा चौरस घेतला. तळाच्या बाजूवर `y = -a`, म्हणून `u = ka/(x² + a²)`, आणि त्याचे `-a` पासून `a` पर्यंतचे संकलन `k·arctan(x/a)` वरून `πk/2` येते. चारही बाजू सारख्याच, म्हणून एकूण पुन्हा `2πk`. उत्तरात `a` उरलाच नाही. चौरस टाचणीच्या डोक्याएवढा घ्या किंवा मैदानाएवढा, आकडा तोच राहतो, हे पाहून गोंधळ वाढला, पण शोध कुठे घ्यायचा याची दिशाही तिथेच मिळाली.

मग मी चौरस बाजूला सरकवला : `x` १ ते ३ आणि `y` उणे १ ते १, म्हणजे उगमबिंदू चौरसाच्या बाहेर. उजव्या बाजूवर वर जाताना `2k·arctan(1/3)`, म्हणजे ०.६४३५`k`. डाव्या बाजूवर खाली येताना उणे १.५७०८`k`. वरच्या आणि खालच्या बाजूंवर प्रत्येकी `k(arctan 3 - arctan 1)`, म्हणजे ०.४६३६`k`, आणि दोन्हींची मिळून ०.९२७३`k`. बेरीज केली तर शून्य. सर्क्युलेशन येते की नाही हे वाटेच्या आकारावर किंवा लांबीवर ठरत नव्हते. वाटेच्या आत उगमबिंदू सापडतो की नाही, एवढ्यावरच ते ठरत होते.

वही घेऊन मी मॅडमकडे गेलो. त्यांनी माझी दोन्ही उत्तरे पाहिली आणि विचारले, "व्हॉर्टिसिटी शून्य आहे असं लिहिलंयस, पण कुठे?"

मी म्हणालो, "सगळीकडे, मॅडम."

"`x` आणि `y` दोन्ही शून्य ठेवून बघ."

भाजक शून्य झाला. उगमबिंदूवर वेगच नाही, मग त्याचा विकलज तरी कुठून असणार? मी शून्य हे उत्तर ज्या बिंदूंवर काढले होते, त्यांत हा एक बिंदू नव्हताच. स्टोक्सचे प्रमेय वापरायला वाटेच्या आतला संपूर्ण भाग सलग आणि वेगाचे क्षेत्र तिथे सर्वत्र सुरळीत असावे लागते. माझ्या प्रदेशाला मधे एका बिंदूचे छिद्र होते. छिद्राला वेढा न घालणाऱ्या वाटेला प्रमेय लागू होते, म्हणून सरकवलेल्या चौरसावर शून्य आले. वेढा घालणाऱ्या वाटेला ते लागूच होत नाही.

व्हेलॉसिटी पोटेन्शियलच्या बाजूने पाहिले तरी हेच दिसते. पोटेन्शियल म्हणजे ज्याच्या उतारावरून वेग मिळतो ते फल, आणि या प्रवाहासाठी ते `φ = kθ`, जिथे `θ` हा केंद्राभोवतीचा कोन. केंद्राभोवती एक पूर्ण फेरी मारून त्याच जागी परत आले की `θ` मध्ये `2π` ची भर पडलेली असते, म्हणजे एकाच बिंदूला दोन वेगळ्या किमती मिळतात, आणि त्यांतला फरक `2πk` हेच सर्क्युलेशन आहे. त्यामुळे छिद्र असलेल्या प्रदेशात व्हॉर्टिसिटी शून्य असल्याची खात्री केल्यानंतर प्रत्येक छिद्राभोवती एकेक वाट घेऊन सर्क्युलेशनही काढावे लागते. तेही शून्य असेल तरच एकमूल्यी पोटेन्शियल आहे असे म्हणता येते.

हे सगळे आकड्यांत कसे दिसते ते पाहण्यासाठी मी ४० गुणिले ४० बिंदूंची जाळी घेतली. बिंदूंमधले अंतर `h` १ सेंमी ठेवले, आणि उगमबिंदू चार बिंदूंच्या बरोबर मध्ये येईल अशी मांडणी केली, नाहीतर शून्याने भागाकार होऊन तिथे `nan` येते.

```python
w = np.gradient(v, h, axis=1) - np.gradient(u, h, axis=0)
```

पहिल्यांदा मी दोन्ही `axis` उलटसुलट लिहिले होते. पडद्यावर चार पाकळ्यांची आकृती उमटली, दोन धन आणि दोन ऋण. तेव्हा संगणक `∂v/∂y - ∂u/∂x` काढत होता आणि त्याचे सूत्र `-4kxy/r⁴` येते. `meshgrid` नेहमीच्या पद्धतीने वापरले, तर ओळी `y` च्या असतात आणि स्तंभ `x` चे, हे तेव्हापासून पक्के लक्षात राहिले. गोल प्रवाहाच्या व्हॉर्टिसिटीत अशा पाकळ्या दिसल्या, तर आधी `axis` तपासावे.

चूक दुरुस्त केल्यावर, केंद्राच्या अगदी जवळचे बिंदू सोडले तर सगळीकडे शून्याच्या जवळचे आकडे आले, आणि केंद्राभोवतीच्या चार बिंदूंवर प्रत्येकी ३२०. जाळी दुप्पट बारीक केली, तर तेच आकडे १२८० झाले. खऱ्या, पसरलेल्या व्हॉर्टिसिटीचे असे होत नाही, जाळी पुरेशी बारीक झाल्यावर तिची किंमत एका आकड्याशी स्थिरावते. इथे कागदावर करून पाहिले तर त्या चार बिंदूंवर `1.6k/h²` येते, म्हणून `h` निम्मा होताच चौपट. मात्र चार बिंदूंची व्हॉर्टिसिटी गुणिले त्यांचे क्षेत्रफळ दोन्ही वेळा ०.१२८ च आले, म्हणजे ०.१२५७ च्या अगदी जवळ. सगळे सर्क्युलेशन त्या एका बिंदूत साठवलेले आहे, आणि जाळी त्याला आपल्या एकेका चौकोनाच्या आकाराने पसरवून दाखवते.

खऱ्या पाण्यात अनंत वेग असू शकत नाही. श्यानतेमुळे मधला गाभा जवळजवळ घन वस्तूसारखा एकसंध फिरतो, आणि रँकिनच्या भोवऱ्याच्या प्रतिमानात `R` त्रिज्येच्या गाभ्यात व्हॉर्टिसिटी `2k/R²` धरतात. तिला `πR²` ने गुणले की `2πk` च मिळते, म्हणजे तिथे छिद्र उरत नाही आणि स्टोक्सचे प्रमेय पुन्हा पूर्ण लागू होते. बाहेरचा प्रवाह मात्र आधीचाच राहतो.

सुट्टीत घरी मी एका जुन्या बादलीच्या तळाला मधोमध भोक पाडले, हिराच्या दोन काड्यांचे अधिक चिन्ह दोऱ्याने बांधले आणि पाणी हाताने थोडे फिरवून बूच काढले. कडेला ते चिन्ह दोन फेऱ्या मारेपर्यंत, थोडेसे डुलत, जवळपास एकाच बाजूला तोंड करून राहिले. भोवऱ्याच्या खळग्यात ओढले गेल्याबरोबर ते स्वतःभोवती इतक्या वेगाने फिरू लागले की काड्या वेगळ्या दिसेनाशा झाल्या. असाइनमेंटच्या तिसऱ्या भागाचे उत्तर मी त्याआधीच लिहून दिले होते : "उगमबिंदू वगळता प्रवाह सर्वत्र अघूर्णी आहे. उगमबिंदूला एकदा, घड्याळाच्या उलट दिशेने वेढा घालणाऱ्या प्रत्येक वाटेवर सर्क्युलेशन `2πk` आहे आणि वेढा न घालणाऱ्या वाटेवर शून्य आहे."