'नो अ‍ॅडेड शुगर' बिस्किटं आणि माझी सहाव्या महिन्यातली शुगर

सहाव्या महिन्यात डॉक्टरांनी ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यात घालून प्यायला लावलं आणि दोन तासांनी रक्त घेतलं. रिपोर्ट १५८ आला. हा आकडा १४० किंवा त्याहून जास्त आला की गरोदरपणातला मधुमेह धरतात. गोळ्या किंवा इन्सुलिन लगेच नको, आधी खाण्यावर आणू या, असं ठरलं. जेवणानंतर दोन तासांनी बोटाला टोचून शुगर बघायची आणि ती १२० च्या आत ठेवायची.

बातमी घरी कळली तशी दुसऱ्या दिवसापासून शुगर-फ्री वस्तूंची रांग लागली. सासूबाईंनी बिस्किटं आणली, नणंदेने डाएट कोला, शेजारच्या काकूंनी गोडीच्या गोळ्यांची डबी. सगळ्यांचा हेतू चांगलाच होता. पण मी सगळं उचलून आहारतज्ज्ञ मॅडमकडे घेऊन गेले. त्यांनी बिस्किटाचा पुडा हातात घेतला, पालथा केला आणि म्हणाल्या, "समोरची बाजू जाहिरातीची. आपण मागून सुरुवात करायची."

मागे आधी घटकांची यादी असते. तिचा क्रम कायद्याने ठरलेला आहे. जो पदार्थ वजनाने सगळ्यात जास्त, तो पहिला. त्या पुड्यावर पहिला मैदा, दुसरं पामतेल, तिसरं माल्टिटॉल. म्हणजे साखर नाही हे खरं, पण बिस्किट मुख्यत्वे मैद्याचंच. आणि मैद्याची पोटात गेल्यावर साखरच होते.

मग त्याखालचा पोषणाचा तक्ता. दर १०० ग्रॅमला कर्बोदकं ६८ ग्रॅम, त्यातले १४ ग्रॅम पॉलिऑल, एकूण साखर १ ग्रॅमपेक्षा कमी. घरात सगळ्यांची नजर साखरेच्या ओळीवरच अडकली होती. मॅडमनी कर्बोदकांच्या ओळीवर बोट ठेवलं. माल्टिटॉल हे पॉलिऑल, म्हणजे साखरेऐवजी गोडीसाठी घालतात तो पदार्थ. ते साखरेपेक्षा कमी चढतं, अगदीच चढत नाही असं नाही. ते बाजूला काढलं तरी ५४ ग्रॅम उरतातच. एक बिस्किट साधारण ८ ग्रॅमचं. चहाबरोबर चार खाल्ली की ३२ ग्रॅम, म्हणजे सतराएक ग्रॅम कर्बोदकं. लहान फुलक्यात जवळपास तेवढीच असतात. फुलक्याबरोबर भाजी, आमटी जाते. बिस्किटाबरोबर चहा.

खात्री करून घ्यायला मी घरी एकदा संध्याकाळी तीच चार बिस्किटं खाल्ली आणि मशीन लावलं. १३१. त्याच वेळेला दुसऱ्या दिवशी मूठभर फुटाणे आणि ताक घेतलं तेव्हा १०८. एका मापावरून कुठलाच नियम बांधता येत नाही हे मला मान्य आहे, पण माझ्यापुरता पुड्याचा निकाल लागला. शिवाय त्या बिस्किटांनी पोटात गुडगुड व्हायची ती वेगळीच. पॉलिऑल १० टक्के किंवा जास्त असलं की जुलाब होऊ शकतात अशी सूचना पाकिटावर छापावी लागते. ती त्या पुड्यावर होती, घडीच्या आत.

गोडीच्या गोळ्यांबद्दल मी घाबरून होते, कारण अ‍ॅस्पार्टेम आणि कॅन्सर असं काहीतरी मोबाईलवर फिरत होतं. मॅडमनी शांतपणे सांगितलं. २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने अ‍ॅस्पार्टेम 'शक्यता असू शकते' अशा गटात टाकलं, पण त्याच वेळी दुसऱ्या तज्ज्ञ समितीने रोजची मर्यादा बदलली नाही. ती वजनाच्या दर किलोला ४० मिलिग्रॅम. ६० किलोच्या बाईला २४०० मिलिग्रॅम, आणि डाएट कोल्याच्या एका कॅनमध्ये साधारण २०० ते ३०० असतात. पण मर्यादा एवढी मोठी आहे म्हणून ते रोज प्यायचं, असा अर्थ त्यांना मुळीच मान्य नव्हता. फिनाइलकीटोन्युरिया हा जन्मजात आजार असलेल्या बाईने मात्र ते अजिबात घ्यायचं नाही. पाकिटावर तशी सूचना असतेच.

काकूंच्या डबीत मात्र सॅकरिन होतं. ते वारेतून बाळापर्यंत जातं आणि तिथून हळूहळू बाहेर पडतं, म्हणून गरोदरपणात नको, असं मॅडम म्हणाल्या. ओळखायचं कसं? कधी नाव छापलेलं असतं, कधी नुसता आयएनएस क्रमांक. ९५० म्हणजे अ‍ॅसेसल्फेम पोटॅशियम, ९५१ अ‍ॅस्पार्टेम, ९५४ सॅकरिन, ९५५ सुक्रालोज, ९६० स्टीव्हिया. मी हे फ्रिजवर लिहून चिकटवलं. नवऱ्याला वाटलं सिलिंडरवाल्याचा नंबर.

नूडल्सची मला हौस. त्या बंद करायला लागतील या विचाराने जास्त वाईट वाटलं होतं, खरं सांगते. ७० ग्रॅमच्या पाकिटाचा हिशोब मीच केला. १०० ग्रॅमला सोडियम १४०० मिलिग्रॅम, म्हणजे पाकिटात ९८०. दिवसाला २००० पुरे, म्हणजे एका बशीत निम्मा दिवस संपला. सोडियमला अडीचने गुणलं की मीठ येतं. इथे जवळजवळ अडीच ग्रॅम, अर्धा चमचा. आणि कर्बोदकं ४४ ग्रॅम, म्हणजे अडीच फुलके. मोठ्या पाकिटांवर सर्व्हिंग किती ग्रॅमची धरली आहे ते आधी बघा. टक्केवारी त्या सर्व्हिंगची असते, आपण मात्र पाकीट रिकामं करतो.

त्याच सुमारास पाय सुजायला लागले आणि सासूबाई म्हणाल्या, "मीठच बंद कर गं." मी डॉक्टरांना विचारलं. त्यांनी साफ नाही म्हटलं. मीठ तोडल्याने गरोदरपणातला बीपीचा त्रास टळतो असं दिसलेलं नाही. स्वयंपाकातलं मीठ नेहमीसारखं, फक्त पाकिटातलं कमी. त्यामुळे कधीतरी नूडल्स झाल्याच तर अर्ध्या पाकिटात वाटाणे, गाजर, एक अंडं, आणि मसाला अर्धाच. मसाला अर्धा केला म्हणून सोडियम निम्मं होत नाही, कारण वडीतही मीठ असतं. पण फरक पडतो.

एनर्जी ड्रिंक मी पीत नव्हते, पण ऑफिसच्या फ्रिजमध्ये असायची, म्हणून एक कॅन वाचला. भारतात अशा पेयात लिटरला जास्तीत जास्त ३०० मिलिग्रॅम कॅफीन चालतं. २५० मिलीच्या कॅनला ७५. दिवसाला २०० च्या आत ठेवा, असं मला डॉक्टरांनी सांगितलं होतं. मग एक चालेल की, असं वाटतं. पण माझे दिवसाचे तीन कप चहा आधीच त्या हिशोबात होते. शिवाय शेवटच्या महिन्यांत कॅफीन शरीरातून निघायला नेहमीच्या दुप्पट-तिप्पट वेळ घेतं. वर साखर सत्तावीसेक ग्रॅम. कॅनच्या कडेला, अगदी बारीक अक्षरात, 'मुलं, गरोदर व स्तनदा मातांसाठी योग्य नाही' असं छापलेलंच होतं. ते कायद्याने छापावंच लागतं.

या सगळ्यात एक जागा मोकळीच राहते. गल्लीतल्या बेकरीत 'डायबेटिक खारी' आणि 'शुगर-फ्री नानकटाई' सुट्टी मिळते, बरणीतून काढून कागदाच्या पुडीत. तिला लेबलच नाही. मी दुकानदाराला विचारलं, यात काय घालता? तो म्हणाला, "साखर सोडून सगळं, ताई." त्या नानकटाईनंतर दोन तासांनी माझी शुगर १३८ होती.