चौथ्या दिवशीचा ताप

इंदूरच्या एका रुग्णालयात ऑर्थो वॉर्डात बीएस्सी नर्सिंगच्या मुलींची पोस्टिंग चालू होती, आणि मी त्यांची इन्स्ट्रक्टर. रामबागेतल्या एका मराठी घरातल्या आजी, वय 74, खुब्याचं हाड मोडलं म्हणून ऑपरेशन झालेलं. ऑपरेशनच्या वेळी लघवीसाठी घातलेला फोलीज कॅथेटर, म्हणजे टोकाला पाण्याचा फुगा असलेली आणि त्या फुग्यामुळे मूत्राशयात टिकून राहणारी नळी, चौथ्या दिवशी सकाळीही तसाच होता. रात्रीपासून ताप 101.4, आणि आजी मधूनच मुलीला न ओळखता भलतंच बोलत होत्या. सहा वाजता युरोबॅग, म्हणजे नळीला जोडलेली लघवीची पिशवी, रिकामी केली होती, आठ वाजता त्यात जेमतेम 20 मिलि.

मुली नॉरसेटची, म्हणजे एम्सच्या नर्सिंग ऑफिसर भरती परीक्षेची, तयारी करत होत्या. एकीने लगेच विचारलं, "मॅम, कॅथेटर ब्लॉक झालाय ना? इरिगेशन करायचं?"

परीक्षेत हा प्रश्न नेहमी येतो: कॅथेटर असलेल्या रुग्णाची लघवी अचानक कमी झाली, नर्सची पहिली कृती कोणती? पर्यायांत इरिगेशन, कॅथेटर बदलणे, डॉक्टरांना कळवणे आणि नळीची तपासणी असते. बरोबर उत्तर नळीची तपासणी. कारण एवढंच की ती करायला सिस्टिम उघडावी लागत नाही आणि रुग्णाला काही त्रास होत नाही. इरिगेशन म्हणजे सिरिंजने आत पाणी सोडून कॅथेटर धुणं; त्यासाठी कॅथेटर आणि पिशवीच्या नळीचा जोड सोडावा लागतो, आणि जोड सोडला की जंतूंना आत जायला वाट मिळते. मी म्हटलं, "चादर बाजूला कर आणि मांडीपासून पिशवीपर्यंत नळीवरून बोट फिरव."

नळी आजींच्या मांडीखाली दबली होती, आणि पुढे साइड रेलमध्ये अडकून तिला मोड पडला होता. शिवाय पलंगाखाली तिचा एक झोल लोंबत होता आणि त्यात गढूळ लघवी साचलेली. मोड काढला, नळी गादीवर सरळ केली, पिशवी पलंगाच्या चौकटीला मूत्राशयाच्या खालच्या पातळीवर पण जमिनीला न टेकता अडकवली. दहा मिनिटांत 350 मिलि उतरली. कॅथेटर आतून ब्लॉक नव्हताच.

अडथळा निघाला, पण तापाचं कारण शोधायचं राहिलंच होतं. ऑपरेशननंतरचा ताप दिसला की थेट कॅथेटरवर बोट ठेवायचं नसतं. छाती ऐकली, जखमेचं ड्रेसिंग पाहिलं, सलाइनची सुई काढून टाकलेली जागा पाहिली, पोटऱ्या पाहिल्या. तिथे काही सापडलं नाही. ओटीपोटावर हात ठेवल्यावर मात्र आजी कळवळल्या, मूत्राशय रिकामं झाल्यावरसुद्धा. कॅथेटर दोन दिवसांहून जास्त आहे, ताप 100.4 च्या वर आहे, ओटीपोट दुखतंय: कॅथेटरमुळे झालेल्या संसर्गाचा संशय घ्यायला एवढं पुरे. नुसती गढूळ किंवा वास येणारी लघवी मात्र पुरेशी नसते. या फरकात मुली हमखास चुकतात, म्हणून मी तिथेच थांबून तो समजावला.

मग आजींची मुलगी म्हणाली, "मॅडम, परवा एक्सरेला नेलं ना, तेव्हा पिशवी आईच्या पोटावरच ठेवली होती. लिफ्टपाशी बराच वेळ थांबलो होतो." 

स्ट्रेचरवर पिशवी पोटावर किंवा दोन पायांच्या मधे ठेवली की नळीत साचलेली लघवी उलटी मूत्राशयात जाते. काही पिशव्यांना उलटा प्रवाह रोखणारा व्हॉल्व्ह असतो, पण तो पिशवीच्या तोंडाशी असतो. नळीतली लघवी त्याच्या अलीकडेच असते, तिला तो अडवत नाही. म्हणून नेण्याआधी पिशवी रिकामी करायची, नळीतली लघवी पिशवीत उतरू द्यायची, आणि पिशवी स्ट्रेचरच्या कडेला खाली अडकवायची. वॉर्डात काटेकोर असलेली माणसंही या दहा मिनिटांच्या प्रवासात चुकतात. अर्थात, आजींचा संसर्ग त्याच दिवशी झाला असं सिद्ध करता येत नाही. कॅथेटरच्या बाहेरच्या बाजूनेही जंतू चढतात, आणि आतल्या भिंतीवर त्यांचा चिकट थर जमतो. कॅथेटर जितके दिवस आत, तितका धोका वाढत जातो. लघवीत जंतू सापडण्याची शक्यता रोज साधारण 3 ते 7 टक्क्यांनी वाढते.

डॉक्टरांनी अँटिबायोटिकच्या आधी लघवीचं कल्चर, म्हणजे जंतू वाढवून ओळखायची तपासणी, पाठवायला सांगितलं. एक मुलगी पिशवीच्या खालच्या नळाकडे वळली, तिला थांबवलं. पिशवीतली लघवी तासन्‌तास पडून असते, त्यात जंतू वाढतात आणि रिपोर्ट खोटा येतो. नमुना सॅम्पलिंग पोर्टमधूनच, म्हणजे नमुना घेण्यासाठी नळीवर असलेल्या तोंडातूनच. पोर्टच्या खाली नळी 10 ते 15 मिनिटं क्लॅम्प केली, पोर्ट स्पिरिटच्या स्वॅबने 15 सेकंद घासून वाळू दिला, निर्जंतुक सिरिंजने 10 मिलि काढली, आणि क्लॅम्प आठवणीने सोडला. क्लॅम्प तसाच विसरला तर पुन्हा तीच तुंबलेली लघवी. आपल्याकडच्या स्वस्त पिशव्यांना कधी पोर्टच नसतो. तिथे लॅटेक्सचा कॅथेटर असेल तर जोडाच्या जरा वर तिरकी बारीक सुई घालून काढतात. पण फुग्यात पाणी भरायच्या फाट्यात सुई गेली तर फुगा जातो. सिलिकॉनचं भोक मात्र बुजत नाही, म्हणून तिथे हे करायचं नाही. कॅथेटर दोन आठवड्यांहून जुना असता तर तो आधी बदलून नव्यातून नमुना घेतला असता.

नमुना गेल्यावर मी रेसिडेंट डॉक्टरांना विचारलं, "आज हा कॅथेटर कशासाठी आहे?" केसपेपरवर कारण लिहिलेलं नव्हतं. ऑपरेशनसाठी घातलेला कॅथेटर शक्यतो 24 तासांत काढायचा असतो, आणि आजी कालपासून वॉकरला धरून उभ्या राहत होत्या. त्यांनी लगेच काढायची ऑर्डर दिली. 

काढताना फुग्याच्या फाट्याला रिकामी सिरिंज लावून पाणी आपोआप येऊ दिलं, जोराने ओढलं नाही. घातलेलं पाणी 10 मिलि नोंदलेलं होतं, तेवढंच परत आलं. कमी आलं असतं तर कॅथेटर ओढायचा नव्हता. आधी क्लॅम्प करून मूत्राशयाला "सवय" लावायची गरज नसते. त्यानंतर सहा ते आठ तासांत लघवी व्हायला हवी. आजींना चौथ्या तासाला कमोडवर 250 मिलि झाली.

कल्चरमध्ये ई. कोलाय, मिलिलिटरला एक लाखाहून जास्त. औषधावर दुसऱ्या दिवशी ताप उतरला आणि आजींना मुलगी ओळखू येऊ लागली.

शेजारच्या खाटेवरच्या काकांचाही कॅथेटर होता. त्यांच्या पाठीच्या कण्याला मार लागलेला, त्यामुळे तो काढता येण्यासारखा नव्हता. त्यांच्या मुलाने हे सगळं पाहून विचारलं, "बाबांची लघवी पण पाठवायची का? वास येतोय." ताप नव्हता, ओटीपोट दुखत नव्हतं, बोलणं स्वच्छ होतं. लक्षणं नसताना कल्चर पाठवलं तर काहीतरी उगवतंच, आणि मग विनाकारण अँटिबायोटिक चालू होतं. त्याऐवजी मुलींनी त्यांची काळजी घेतली: हात धुऊन हातमोजे, साबण आणि पाण्याने मूत्रद्वार आणि तिथून बाहेरच्या दिशेने कॅथेटरचा साधारण 10 सेंटिमीटर भाग पुसला, बीटाडीन वापरलं नाही, पुढची त्वचा मागे घेतली होती ती आठवणीने पुढे केली, कॅथेटर मांडीच्या वरच्या भागाला पट्टीने ओढ न बसेल असा बांधला. पिशवी दोन तृतीयांश भरण्याआधीच रिकामी केली, काकांच्याच वेगळ्या भांड्यात, नळाचं टोक भांड्याला लागू न देता.